कॉन्ट्रॅक्ट नोटमधले ३१४ रुपये ४३ पैसे

प्रश्न: परवा एनएसईवर एका कंपनीचे २०० शेअर घेतले, त्यातले ५० त्याच दुपारी ४१८ ला विकले. ऑर्डर एकच टाकली होती, पण नोटेवर खरेदीच्या तीन ओळी आहेत: ८० शेअर ४१२.०० ला, ७० शेअर ४१२.३० ला, ५० शेअर ४१२.४० ला. माझ्या हिशेबाने ६१,५४१ रुपये जायला हवे होते, गेले ६१,८५५.४३. डिलिव्हरीला ०.३० टक्के आणि इंट्राडेला ०.०३ टक्के ब्रोकरेज ठरलंय. मी पुण्यात, ब्रोकर मुंबईचा. हे वरचे ३१४ रुपये कशाचे? कॉन्ट्रॅक्ट नोट ओळीने कशी वाचायची?

उत्तर:

आधी जीव भांड्यात पडू दे: तुमचे ३१४ रुपये ४३ पैसे बरोबर आहेत. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि पैशापर्यंत ताळा जुळला. त्यातले २३३ रुपये ५७ पैसे ब्रोकरेज आणि त्या ब्रोकरेजवरच्या जीएसटीचे. उरलेले ऐंशी-एक्याऐंशी रुपये सरकार, एक्स्चेंज आणि सेबीचे. एवढी विभागणी डोक्यात ठेवलीत की नोट वाचायला सोपी जाते, कारण तिच्यातली एकच ओळ अशी आहे की जिचा दर तुमच्या आणि ब्रोकरच्या बोलण्यातून ठरलाय. बाकी सगळ्या ओळींचे दर तुम्ही कोणाकडेही गेलात तरी तेच.

मी ब्रोकरच्या बॅक ऑफिसला वीसेक वर्षं काढली. तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी नोटेचा फक्त शेवटचा आकडा पाहिलेला असायचा, आणि खरी गोम असायची वरच्या तक्त्यात. म्हणून वरूनच सुरुवात करू.

सगळ्यात वर तुमचं नाव, क्लायंट कोड, पॅन, नोटेचा क्रमांक, व्यवहाराची तारीख आणि सेटलमेंट क्रमांक असतो. इथे दोनच गोष्टी बघायच्या: पॅन तुमचाच आहे ना, आणि तारीख बरोबर आहे ना. नोट व्यवहारानंतर २४ तासांच्या आत यायला हवी, आणि ती डिजिटल सही असलेल्या पीडीएफमध्ये येते. डीलरने फोनवर पाठवलेला स्क्रीनशॉट म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोट नव्हे; भांडण झालं तर तो चार आण्याचाही नाही. सेटलमेंटची तारीख व्यवहारानंतरच्या लगेच पुढच्या कामकाजाच्या दिवसाची असेल, कारण २७ जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर टी प्लस वनला सेटल होतात.

त्याखाली व्यवहारांचा तक्ता. यात दोन क्रमांक आणि दोन वेळा असतात, आणि लोक त्यांच्यावरून नजर फिरवून पुढे जातात. ऑर्डर क्रमांक आणि ऑर्डरची वेळ म्हणजे तुमची ऑर्डर एक्स्चेंजला पोचली तेव्हाची. ट्रेड क्रमांक आणि ट्रेडची वेळ म्हणजे समोर विकणारा मिळून सौदा झाला तेव्हाची. तुमची २०० ची ऑर्डर एकच होती, पण समोर एकाच माणसाकडे २०० शेअर नव्हते. एकाने ८० दिले, दुसऱ्याने ७०, तिसऱ्याने ५०. म्हणून ऑर्डर क्रमांक तिन्ही ओळींत तोच, ट्रेड क्रमांक तीन वेगळे. ट्रेड तीन झाले म्हणून टक्क्यावरचं ब्रोकरेज काही वाढत नाही. मात्र तुमचा ब्रोकर ‘ऑर्डरमागे वीस रुपये’ या पद्धतीचा असता, तर तीन ट्रेडचे साठ लावलेत की एका ऑर्डरचे वीस, हे ऑर्डर क्रमांक बघूनच कळलं असतं.

वेळेच्या रकान्याचं महत्त्व मला एका गृहस्थांमुळे कळलं. निवृत्त शिक्षक, आमच्याकडे नाही, दुसऱ्या एका पेढीत खातं. नोटांचा गठ्ठा घेऊन माझ्या घरी आले आणि म्हणाले, ‘अहो, भाव सगळे बरोबर आहेत, पण नुकसान होतंच कसं इतकं?’ मी भाव सोडले आणि वेळा बघायला लागलो. एका मंगळवारी ११:४२ पासून ११:५८ पर्यंत त्यांच्या नावावर सात सौदे होते. मी विचारलं, ‘या वेळी कुठे होतात?’ त्यांनी खिशातून डायरी काढली. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या टेबलावर. डीलर त्यांच्या खात्यात आपल्या मनाने घेत-विकत होता आणि ब्रोकरेज पिकवत होता. भाव, दर, कर सगळं काटेकोर बरोबर. फक्त ऑर्डर त्यांची नव्हती. म्हणून तुमच्या नोटेत पहिलं काम हेच करा: प्रत्येक ऑर्डरच्या वेळेपुढे ‘हो, हे मी केलं होतं’ अशी मनात खूण करा. एक्स्चेंजकडून संध्याकाळी व्यवहारांचा एसएमएस आणि ईमेल येतो, तो ब्रोकरच्या हातून जात नाही. त्यातले शेअर, संख्या आणि रक्कम नोटेशी जुळली पाहिजे. मोबाइल नंबर डीलरने ‘सोयीसाठी’ स्वतःचा टाकून ठेवलेला नाही ना, हेही बघून घ्या. त्या शिक्षकांच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

आता रक्कम. ८० गुणिले ४१२ म्हणजे ३२,९६०. ७० गुणिले ४१२.३० म्हणजे २८,८६१. ५० गुणिले ४१२.४० म्हणजे २०,६२०. खरेदीची बेरीज ८२,४४१, सरासरी भाव ४१२.२०५. विक्री ५० गुणिले ४१८ म्हणजे २०,९००. वजाबाकी ६१,५४१, आणि हाच तुमचा ‘माझ्या हिशेबाने’चा आकडा. नोटेच्या खालच्या भागात तो `Pay in / Pay out obligation` या ओळीत दिसेल. इथपर्यंत तुमचं काहीच चुकलेलं नाही.

यापुढे एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण जवळजवळ सगळे दर तिच्यावर लटकलेले आहेत. तुम्ही २०० घेतले आणि ५० विकले, म्हणजे ५० शेअरचा व्यवहार त्या दिवशीच मिटला. ते तुमच्या डीमॅटमध्ये येणारच नाहीत. तो झाला इंट्राडे. उरलेले १५० डिलिव्हरी. ऑर्डर टाकताना तुम्ही ॲपमध्ये ‘डिलिव्हरी’ निवडली होती की नाही, याचा इथे संबंध नाही. संध्याकाळी काय उरलं ते बघितलं जातं. म्हणून तुमच्या एका दिवसाचे मनातल्या मनात तीन ढीग करा: डिलिव्हरीची खरेदी १५० गुणिले ४१२.२०५ म्हणजे ६१,८३०.७५, इंट्राडेची खरेदी ५० गुणिले ४१२.२०५ म्हणजे २०,६१०.२५, इंट्राडेची विक्री २०,९००. हे तीन आकडे एका कोपऱ्यात लिहून ठेवा, पुढचं सगळं त्यांच्यावर दर लावणं आहे.

पहिली ओळ ब्रोकरेजची. नोटेवर तिचं नाव बहुधा `Taxable value of supply` असतं आणि लोक गोंधळतात, कारण नावात ‘टॅक्स’ आहे. तो कर नाही. ‘ज्यावर जीएसटी लागतो ती रक्कम’, म्हणजे ब्रोकरने तुमच्याकडून घेतलेली दलाली. डिलिव्हरीवर ०.३० टक्क्याने १८५.४९, इंट्राडे खरेदीवर ०.०३ टक्क्याने ६.१८ आणि विक्रीवर ६.२७. बेरीज १९७.९४. काही ब्रोकर सरासरीऐवजी प्रत्येक ट्रेडच्या भावावर शेअरमागे ब्रोकरेज काढून पैशात गोल करतात, त्यामुळे पाच-दहा पैशांचा फरक पडला तर तो चोरी नव्हे.

चोरी, किंवा सभ्य भाषेत ‘सिस्टीमची चूक’, कुठे होते ते सांगतो. एक म्हणजे इंट्राडेच्या ५० वरही डिलिव्हरीचा दर लागणं. तसं झालं असतं तर त्या दोन बाजूंचे १२.४५ रुपयांऐवजी १२४.५३ रुपये ब्रोकरेज लागलं असतं, वर जीएसटी. म्हणजे एकूण १३२ रुपये जास्त. ‘अर्धे विकले, अर्धे ठेवले’ अशा दिवशी ही चूक होऊ शकते, म्हणून तुमच्यासारखीच नोट तपासायला सगळ्यात चांगली. दुसरी मेख शेअरमागच्या किमान ब्रोकरेजची. दरपत्रकात ‘०.३० टक्के’ मोठ्या अक्षरात असतं आणि खाली बारीक अक्षरात ‘किमान ५ पैसे प्रति शेअर’. ४१२ च्या शेअरला ते लागूच पडत नाही, कारण ०.३० टक्के म्हणजे सव्वा रुपया होतो. पण आठ रुपयांचे ५,००० शेअर घेतले तर टक्क्याने १२० रुपये व्हायला हवेत आणि किमान दराने २५० होतात. तुमचा ०.३० टक्का तिथे ०.६२५ टक्के झाला. हे बेकायदा नाही, तुम्ही सही केलेल्या दरपत्रकात असेल तर. एक्स्चेंजने घातलेली वरची मर्यादा सौद्याच्या भावाच्या २.५ टक्के आहे, इतकी वर की सहसा तिथवर कोणी जातच नाही. त्यामुळे ‘नियमात बसतं’ या उत्तरावर थांबू नका. खातं उघडताना दिलेलं दरपत्रक मागवा आणि त्याच्याशी ताडून बघा.

अजून एक घोळ. काही ब्रोकरच्या तक्त्यात शेअरचा मूळ भाव, शेअरमागे ब्रोकरेज, आणि दोन्ही मिळून ‘नेट रेट’ असे तीन रकाने असतात आणि खालची बेरीज नेट रेटवर केलेली असते. अशा नोटेत खरेदीच्या रकमेत ब्रोकरेज आधीच मिसळलेलं असतं. खाली ते पुन्हा दिसलं म्हणून पुन्हा मिळवलंत की तुमचा हिशेब दोनशे रुपयांनी चुकतो आणि तुम्ही भलत्याच माणसाशी भांडायला जाता. हा अनुभव काउंटरच्या आतल्या बाजूने मी पुष्कळ घेतलाय.

दुसरी मोठी ओळ एसटीटी, म्हणजे रोखे व्यवहार कर. हा केंद्र सरकारचा. डिलिव्हरीला खरेदी आणि विक्री दोन्हीकडे ०.१ टक्के, इंट्राडेला फक्त विक्रीवर ०.०२५ टक्के. तुमच्या ६१,८३०.७५ वर ६१.८३, आणि २०,९०० वर ५.२३. बेरीज ६७.०६, नोटेवर ६७.०० दिसेल, कारण एसटीटी पूर्ण रुपयात गोल होतो. इंट्राडेच्या खरेदीवर एसटीटी नाही हे लक्षात ठेवा. कोणी २०० च्या २०० वर ०.१ टक्का लावून ८२ रुपये दाखवले, तर तिथे बोट ठेवायचं.

स्टँप ड्यूटी राज्याची. पूर्वी प्रत्येक राज्याचा दर निराळा होता आणि बॅक ऑफिसमध्ये त्याचा एक स्वतंत्र तक्ता भिंतीवर चिकटवलेला असे. १ जुलै २०२० पासून देशभर एकच दर आहे आणि तो फक्त खरेदीवर लागतो: डिलिव्हरीला ०.०१५ टक्के, इंट्राडेला ०.००३ टक्के. तुमचे ९.२७ आणि ०.६२ मिळून ९.८९, नोटेवर १० रुपये. विक्रीच्या बाजूला स्टँप ड्यूटी दिसली तर ती चूकच.

मग येतात बारीक ओळी. एक्स्चेंजचे व्यवहार शुल्क खरेदी-विक्री दोन्हींच्या एकूण उलाढालीवर लागतं, तुमची उलाढाल १,०३,३४१. एनएसईचा १ ऑक्टोबर २०२४ पासूनचा दर लाखाला २ रुपये ९७ पैसे, म्हणजे ३.०७ रुपये. गुंतवणूकदार संरक्षण निधीचे लाखाला १० पैसे, सेबीचे शुल्कही कोटीला १० रुपये म्हणजे लाखाला १० पैसे. दोन्हींचे मिळून तुमचे २० पैसे. काही नोटांवर संरक्षण निधी वेगळा दाखवत नाहीत, व्यवहार शुल्कातच मिळवून लाखाला ३.०७ करतात. बेरीज तीच.

आकडा चिल्लर आहे, पण या ओळीमागे एक इतिहास आहे. ऑक्टोबर २०२४ च्या आधी एक्स्चेंज ब्रोकरला उलाढालीच्या टप्प्यांप्रमाणे शुल्क लावत असे. जितकी उलाढाल मोठी तितका दर कमी. ग्राहकाकडून मात्र वरच्या टप्प्याचा दर घेतला जायचा आणि मधला फरक ब्रोकरच्या खिशात राहायचा. नोटेवर नाव एक्स्चेंजचं, पैसे थोडे एक्स्चेंजला आणि थोडे ब्रोकरला. सेबीने जुलै २०२४ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं की ग्राहकाकडून ज्या नावाने जितकं घ्याल तितकंच त्या संस्थेला पोचलं पाहिजे. त्यानंतर टप्पे गेले आणि सगळ्यांना एकच दर आला. शून्य ब्रोकरेजची जाहिरात करणाऱ्यांची एक मिळकत तिथे आटली, आणि त्यानंतर काहींनी दरपत्रकं बदलली. तुमच्याकडे त्याआधीची एखादी नोट असेल तर त्याच ओळीचा दर उलाढालीशी भागून बघा.

जीएसटी १८ टक्के, पण कशावर हे महत्त्वाचं. ब्रोकरेज, व्यवहार शुल्क, संरक्षण निधी आणि सेबी शुल्क यांच्या बेरजेवर. एसटीटी आणि स्टँप ड्यूटीवर नाही. करावर कर इथे लागत नाही. तुमची बेरीज १९७.९४ अधिक ३.०७ अधिक ०.२०, म्हणजे २०१.२१. तुम्ही आणि ब्रोकर दोघंही महाराष्ट्रात, म्हणून नऊ टक्क्यांचे दोन तुकडे: सीजीएसटी १८.११ आणि एसजीएसटी १८.११. ब्रोकरची नोंदणी बेंगळुरूची असती तर आयजीएसटीच्या एकाच ओळीत ३६.२२ दिसले असते. तुमच्या खिशाला फरक शून्य. जीएसटीच्या आकड्याला ०.१८ ने भागून बघायची माझी जुनी सवय आहे. ३६.२२ ला भागलं की २०१.२२ येतात, म्हणजे ब्रोकरेज आणि बारीक शुल्कांच्या बेरजेइतकेच. भागाकार तीनशेच्या आसपास आला असता, तर कुठलं तरी जास्तीचं शुल्क या हिशेबात घुसलंय हे लगेच कळलं असतं.

आता बेरीज मारा: १९७.९४, ३.०७, ०.१०, ०.१०, ३६.२२, ६७.००, १०.००. झाले ३१४.४३. ६१,५४१ मध्ये मिळवले की ६१,८५५.४३. नोटेवर `Net amount receivable / payable by client` या ओळीत हा आकडा असेल, कुठे त्याच्यापुढे वजा चिन्ह, कुठे डीआर. वजा किंवा डीआर म्हणजे तुम्ही द्यायचे. उलट वाचून ‘पैसे मिळणार’ म्हणून वाट बघत बसलेले लोक मी पाहिलेत.

शून्य डिलिव्हरी ब्रोकरेजवाल्याकडे हाच दिवस कितीला पडला असता, हेही तुमच्या मनात आलं असेल. इंट्राडेचा दर तोच धरला तर १८५.४९ आणि त्यावरचा जीएसटी गेला, उरले ९५ रुपये ५५ पैसे. म्हणजे ‘फुकट’ तिथेही नाही. पण २१८ रुपयांचा फरक तुम्हाला डीलरच्या सल्ल्यासाठी, फोनवर ऑर्डर घेण्यासाठी परवडतो का, हा हिशेब तुमचा. मी स्वतः माझ्या आईच्या खात्यासाठी फोन उचलणारा ब्रोकर ठेवलाय आणि त्याचे जास्त पैसे आनंदाने भरतो.

दोन गोष्टी नोटेवर नसतात आणि तरी तिच्याशी निगडित आहेत. पहिली, तुमचा खरा भाव. ॲपवर १५० शेअर ४१२.२० ला घेतलेले दिसतील. डिलिव्हरीच्या वाट्याला आलेलं ब्रोकरेज, बारीक शुल्क, त्यांवरचा जीएसटी आणि स्टँप ड्यूटी मिळून २३०.४६ होतात, ते मिळवले की खर्च ६२,०६१.२१, म्हणजे शेअरला ४१३.७४. पुढे विकून भांडवली नफा दाखवाल तेव्हा खरेदीची किंमत हीच धरायची. एसटीटीचे ६१.८३ यात धरता येत नाहीत. भांडवली नफ्याच्या हिशेबात आयकर कायदा एसटीटीची वजावट देत नाही. इंट्राडेच्या ५० चा नफा वेगळा, तो सट्टा व्यवसायाचं उत्पन्न म्हणून धरला जातो, आणि तिथे मात्र एसटीटी खर्चात घेता येतो. तुमचा तो नफा कागदावर २८९.७५ दिसतो, त्याच्या वाट्याचे सगळे खर्च साधारण २२ रुपये, म्हणून हातात २६७ च्या पुढे काहीतरी. एकाच नोटेवरचे आकडे रिटर्नमध्ये दोन निराळ्या खणांत जातात. वर्षअखेरीला ब्रोकर जो नफा-तोट्याचा तक्ता देतो त्यात हे खर्च वेगळे दाखवलेत की नाही हे बघा. नसतील तर नोटाच कामाला येतात, म्हणून पीडीएफ ईमेलमध्ये पडू न देता वर्षाच्या नावाच्या फोल्डरमध्ये उतरवून ठेवा.

दुसरी गोष्ट डीपी चार्ज. डीमॅटमधून शेअर बाहेर जातात तेव्हा डिपॉझिटरीचा आणि ब्रोकरचा मिळून हा आकार लागतो, आणि तो कॉन्ट्रॅक्ट नोटवर येत नाही, थेट लेजरला पडतो. परवा तुम्ही ५० विकले त्याला तो लागला नाही, कारण ते शेअर डीमॅटमध्ये आलेच नव्हते. उरलेले १५० विकाल त्या दिवशी लागेल. तो एका कंपनीमागे, एका दिवसापुरता असतो, शेअर १ विका की १५०, आकार तोच. म्हणून १५० एकाच दिवशी विकलेत तर एकदा, तीन दिवस पन्नास-पन्नास विकलेत तर तीनदा. नोट आणि लेजर शेजारी ठेवून बघताना ‘हे पंधरा-वीस रुपये नोटेत नाहीत’ असं वाटलं तर आधी डीपीची ओळ शोधा.

यानंतरही एखादा आकडा जुळला नाही तर ब्रोकरला ईमेल करा, फोन नको. नोट क्रमांक, ऑर्डर क्रमांक, तुमच्या हिशेबाने किती आणि त्यांनी किती, एवढ्या चार गोष्टी लिहा. ‘जास्त कापलंय’ असं लिहिलेल्या ईमेलला आमच्याकडून ठराविक मजकुराचं उत्तर जायचं; ‘अमुक ऑर्डरच्या ५० शेअरवर इंट्राडेऐवजी डिलिव्हरीचा दर लागलाय, फरक १३२ रुपये’ असं लिहिलेला ईमेल थेट बिलिंगवाल्याच्या टेबलावर यायचा आणि दोन दिवसांत लेजरला जमा पडायचा. तिथे दाद लागली नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तीच चार वाक्यं आणि नोटेची पीडीएफ जोडून तक्रार टाकता येते.